‘न्यायप्रविष्ट’ म्हणजे बंदी नव्हे!

वरळीच्या बीडीडी चाळींत वाढलेल्या आमच्या वाचकांना सरकारी खिडकीवरचे एक वाक्य तोंडपाठ आहे. खोलीच्या हस्तांतरणाचा अर्ज असो, पात्रतेच्या यादीत राहून गेलेले नाव असो की पुतळ्याशेजारच्या मोकळ्या जागेचा प्रश्न असो, आतून उत्तर येते, ‘मॅटर सब ज्युडिस आहे.’ मराठीत सांगायचे झाले तर ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’ हे ऐकले की आपला माणूस हातातले कागद गुंडाळतो आणि घरी जातो. कोर्टाचे नाव निघाले, आता बोलायचे काय? या एका लॅटिन शब्दाने जेवढे अर्जदार परत गेले, तेवढे कदाचित एखाद्या हुकुमानेही गेले नसतील.

मुळात शब्दाचा अर्थ काय? ‘सब’ म्हणजे खाली आणि ‘ज्युडिस’ म्हणजे न्यायाधीश. प्रकरण न्यायाधीशापुढे आहे, एवढाच अर्थ. पुढे काय करायचे आणि काय करायचे नाही, हे या शब्दात कुठेच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १० याच कल्पनेवर उभे आहे. पण ते थांबवते काय? तेच पक्षकार, तोच वाद घेऊन आधी एक दावा चालू असेल, तर नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबते. थांबते ती दुसऱ्या कोर्टाची सुनावणी, खिडकीवरच्या साहेबाची लेखणी नव्हे. अपिलाबाबत तर संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये सरळ लिहिले आहे की नुसते अपील दाखल केल्याने खालच्या हुकमाची अंमलबजावणी थांबत नाही; वरच्या कोर्टाने स्थगिती दिली तरच थांबते.

म्हणून पहिला प्रश्न हा की, स्थगिती आहे काय? असल्यास कोणत्या तारखेची, आणि नेमकी कशाला? मुंबई उच्च न्यायालयाचे हुकूम बहुतेक वेळा चार-पाच ओळींचे असतात आणि त्या ओळींतच सगळे असते. ‘रूल’ एवढेच लिहिले असेल तर याचिका सुनावणीसाठी दाखल करून घेतली, इतकेच समजावे. ती स्थगिती नव्हे. ‘अ‍ॅड-इंटरिम रिलीफ’ असे लिहिले असेल तर तात्पुरता दिलासा मिळाला आहे. पण कोणता? तिथे बहुधा ‘प्रेयर क्लॉज (बी) प्रमाणे’ असे शब्द असतात. याचा अर्थ, हुकूम समजून घ्यायचा तर मूळ याचिका हातात हवी. तिच्या शेवटी केलेल्या मागण्यांमधली (बी) क्रमांकाची मागणी वाचल्याशिवाय कोर्टाने काय थांबवले हे कोणालाच कळणार नाही, साहेबालाही नाही. ‘स्टेटस को’ म्हणजे जैसे थे. इथेही तारीख पाहावी लागते, कारण कोणत्या दिवशीची स्थिती जशीच्या तशी ठेवायची, यावरच घर राहते किंवा जाते. आणि दिलासा ‘पुढील तारखेपर्यंत’ असेल, तर त्या तारखेला तो वाढवून घेतला आहे की नाही, हे त्या दिवसाच्या नोंदीत पाहावे.

समजा, एका चाळीतल्या दोन भावांचा खोलीच्या वारसाहक्कावरून दावा चालू आहे. त्यात कोर्टाने एवढाच हुकूम दिला आहे की, खोली तिसऱ्याला विकू नये. आता त्याच चाळीतल्या पन्नास इतर कुटुंबांच्या पात्रतेची तपासणी ‘सब ज्युडिस’ म्हणून अडवता येईल काय? येणार नाही. त्या दोघांच्या खोलीची पात्रता तपासण्यासही त्या हुकमाने मनाई केलेली नाही. पण हुकमाची प्रत कोणी मागितलीच नाही, तर पन्नास कुटुंबे दोन भावांच्या भांडणात वर्षानुवर्षे अडकून पडतात. प्रत मागणे हा उद्धटपणा नाही. तोंडी उत्तर मिळाले तर अर्ज देऊन लेखी मागावे. कोर्टाचे नाव, दाव्याचा क्रमांक, हुकमाची तारीख आणि अडवणारी ओळ, या चार गोष्टी त्या लेखी उत्तरात मागाव्यात.

हे वाचन आपल्याला कोणी परक्याने शिकवलेले नाही. डिसेंबर १९२७ आठवा. चवदार तळ्यावरचा दुसरा सत्याग्रह २५ डिसेंबरपासून महाडला होणार होता. त्याआधी १२ डिसेंबरला महाडच्या सवर्णांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला, म्हणजे दोन दिवसांत, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा दाखल झाला म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. ते महाडला गेले, परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. जे थांबवले ते फक्त तळ्याचे पाणी घेणे, कारण मनाई तेवढ्यापुरती होती. हजारो माणसे पाण्यावर जायला तयार असताना त्यांना परत फिरवणे सोपे नव्हते. पण बॅरिस्टराने हुकूम वाचला होता. काय अडवले आहे आणि काय अडवलेले नाही, हे त्याला ठाऊक होते.

पुढे काय झाले, तेही पाहा. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो मनाई हुकूम उठला. दावा मात्र चालूच राहिला. त्याचा निकाल लागला ८ जून १९३१ रोजी. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ प्रकरण ‘न्यायप्रविष्ट’ होते आणि तो मनाई हुकूम अस्तित्वात नव्हता. दावा एक गोष्ट आणि मनाई दुसरी, याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला दुसरे सापडत नाही. सवर्ण अपिलात गेले, तिथे हरले, मग उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयानेही त्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यावरून वगळण्याची अनादि काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही.

‘सब ज्युडिस’चा दुसरा उपयोग तोंड बंद करण्यासाठी होतो. बोलू नका, लिहू नका, कोर्टाचा अवमान होईल! वरळीने हेही अनुभवले आहे. जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल उसळली, भागवत जाधव शहीद झाले आणि सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. आयोग बसला की ‘चौकशी चालू आहे, आता बोलता येणार नाही’ हे पालुपद सुरू होते. पण आयोग म्हणजे कोर्ट काय? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुलै २०१४ मध्ये सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध अरुण शौरी या प्रकरणात सांगितले की, चौकशी आयोग हा न्यायालय अवमान कायद्याच्या अर्थाने न्यायालय नाही. आयोगाची मुद्दाम बदनामी करण्याविरुद्ध वेगळी तरतूद आहे, हे ध्यानात ठेवावे. पण दंगलीत काय पाहिले हे सांगणे म्हणजे बदनामी नव्हे. खऱ्या कोर्टाबाबतही १९७१ च्या अवमान कायद्यात खुल्या सुनावणीच्या प्रामाणिक आणि अचूक वृत्ताला संरक्षण आहे, आणि निकाल लागून संपलेल्या प्रकरणावरील न्याय्य टीकेलाही आहे. न्याय चालू असताना त्यात अडथळा आणणे वेगळे आणि प्रकरणाचा नुसता उल्लेख करणे वेगळे.

याच वरळीत आणखी एक लॅटिन शब्द गाजला, ‘सुओ मोटो’. म्हणजे कोणी अर्ज न करता, कोर्टाने आपणहून. कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या इमारतींना परवानगी होती पाच मजल्यांची; त्यातली एक वीस मजल्यांपर्यंत गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांचे अपील फेटाळले. म्हणजे वाद संपला होता, न्यायप्रविष्टही राहिला नव्हता. नोव्हेंबरमध्ये पालिकेचे लोक आणि पोलीस गेट तोडून आत शिरले. दूरचित्रवाणीवर ते दृश्य झळकले आणि १३ नोव्हेंबरला त्याच न्यायालयाने आपणहून दखल घेऊन पाडकाम ३१ मे २०१४ पर्यंत थांबवले. त्या रहिवाशांना बिल्डरने फसवले होते, आणि घर जाण्याचे दुःख आम्ही जाणतो. पण मुंबईत झोपड्या दर हंगामात तुटतात, तेव्हा ‘आपणहून’ हा शब्द कागदावर किती वेळा येतो? कॅमेरा कुठे उभा आहे, त्यावर न्यायालयाचे लक्ष ठरावे काय?

शेवटी ‘प्रो बोनो’. पूर्ण शब्द ‘प्रो बोनो पब्लिको’, लोकहितासाठी. निकालात हे शब्द दिसतात तेव्हा कोर्ट बहुधा त्या वकिलाचे आभार मानत असते, की त्याने फी घेतली नाही. चांगलेच आहे. पण यातून पक्षकाराच्या हाती काय पडते? वकिलाची इच्छा आहे तोवर वकील. ती संपली की उद्या तो यायचे थांबला, तर त्याच्याकडे मागायचा हक्क कोणता? अनेकदा फी माफ असते. पण कोर्ट फी, टायपिंग आणि नक्कलांचा खर्च पक्षकाराच्याच माथी राहतो.

आपल्या समाजाला या उपकाराच्या दारात उभे राहण्याची गरज नाही, हे किती जणांना माहीत आहे? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चे कलम १२ सांगते की, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तीला मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. स्त्रिया, मुले, कोठडीतील माणसे आणि कामगार कायद्यातील कामगार यांनाही तो आहे. बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे ‘तुम्ही तर बौद्ध’ असे म्हणून कोणी परत पाठवत असेल, तर ते खोटे आहे. या सेवेत वकिलाबरोबर कोर्ट फी, नोटिशीचा खर्च आणि कागदपत्रे तयार करण्याचा खर्चही येतो. अर्ज साधा असतो. मुंबईत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, उच्च न्यायालयातील प्रकरणासाठी उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे, जातीचा दाखला आणि प्रकरणाची थोडक्यात हकीकत जोडून तो द्यायचा. प्रकरणात काहीच तथ्य नाही असे प्रथमदर्शनी दिसले तर अर्ज नाकारता येतो, त्यामुळे हकीकत नीट लिहावी: कोणती नोटीस आली, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाखाली, आणि मुदत कधी संपते.

मुदतीची तारीख पहिल्या ओळीत लिहा. नोटीस सात दिवसांची असेल आणि अर्ज सहाव्या दिवशी पोहोचला, तर नेमलेल्या वकिलाला कोर्टात उभे राहून ‘अ‍ॅड-इंटरिम’ हा शब्द उच्चारायला एकच दिवस मिळतो.