प्रवास विमा घेताना प्रीमियमचा रकाना शेवटी का पाहावा?

मुलीचे बाळंतपण जानेवारीत, न्यू जर्सीत. नाशिकहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी निघणार. तिकिटे झाली, व्हिसाही आधीच मिळालेला. राहिला तो प्रवास विमा. मुलगा रात्री मोबाइलवर तुलनेचे संकेतस्थळ उघडतो, वय आणि दिवस भरतो, 'किंमत: कमी ते जास्त' असा क्रम लावतो आणि सर्वांत वरची पॉलिसी घेऊन मोकळा होतो. इथेच चूक होते. प्रीमियम हा तुलनेतला शेवटचा आकडा असायला हवा.

उदाहरणच पाहू. आईचे वय 66, बाबांचे 69. बाबांना रक्तदाब आणि मधुमेह. समोर दोन कोटेशन आहेत. पहिले माणशी 9 हजार रुपयांचे, विमा रक्कम 50 हजार डॉलर. दुसरे 15 हजारांचे, विमा रक्कम एक लाख डॉलर. दोघांचे मिळून 12 हजार रुपये वाचतात. '50 हजार डॉलर काय कमी झाले?' असे कुणालाही वाटेल. (हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्षातले दर वय, देश आणि कंपनीनुसार बदलतात.)

मोठा आकडा आणि त्यामागची मर्यादा

ज्येष्ठांच्या अनेक स्वस्त पॉलिसींमध्ये एकूण रकमेच्या आत प्रत्येक खर्चाला वेगळी मर्यादा असते. तिला सब-लिमिट म्हणतात. खोलीभाड्याला दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके, तपासण्यांना इतके. ठरावीक वयानंतर ही मर्यादा आपोआप लागू होते आणि कोटेशनच्या पहिल्या पानावर ती ठळकपणे दिसेलच असे नाही.

समजा, आई बर्फावरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. पाच दिवस रुग्णालयात. खोलीचे रोज चार हजार डॉलरप्रमाणे 20 हजार, शस्त्रक्रियेचे 25 हजार, तपासण्यांचे 5 हजार. बिल 50 हजार डॉलर. म्हणजे बरोबर विमा रकमेइतके.

पण पहिल्या पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज 1,200 डॉलर, म्हणजे 6 हजार. शस्त्रक्रियेची 8 हजार. तपासण्यांची 500. बेरीज 14,500 डॉलर. त्यातून डिडक्टिबलचे, म्हणजे प्रत्येक दाव्यात आधी स्वतः भरायचे 100 डॉलर वजा. हाती 14,400. उरलेले 35,600 डॉलर कुटुंबाच्या खिशातून. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी ही रक्कम 30 लाखांच्या वर जाते.

दुसऱ्या पॉलिसीत सब-लिमिट नाही. तिथे डिडक्टिबल वगळता पूर्ण 49,900 डॉलर मिळतात. वाचवलेल्या 12 हजारांची खरी किंमत ही अशी निघते.

बाबांच्या गोळ्यांचे काय?

बाबांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. आधीपासूनचा आजार आणि त्यातून उद्भवणारी गुंतागुंत अनेक पॉलिसी वगळतात. काही पॉलिसी फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी खर्च देतात, तोही एका ठरलेल्या रकमेपर्यंत आणि प्रकृती स्थिर होईपर्यंतच. म्हणून 'आधीचे आजार समाविष्ट' एवढे वाचून थांबू नये. कोणत्या प्रसंगी आणि किती डॉलरपर्यंत, हे दोन प्रश्न विचारावेत. विमा रक्कम एक लाख असली तरी या कलमाखाली 10 हजारच मिळत असतील, तर बाबांच्या हृदयविकारासाठी ती पॉलिसी 10 हजारांचीच आहे.

प्रीमियम वाढेल म्हणून रक्तदाब लपवणे तर सर्वांत महागात पडते. मोठा दावा आला की कंपनी जुनी कागदपत्रे मागते. नाशिकच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाच वर्षांपासूनची गोळी दिसली, की दावा फेटाळायला ते कारण पुरते.

प्रवास रद्द झाला तर?

'ट्रिप कॅन्सलेशन' हे शब्द वाचून कोणत्याही कारणाने रद्द केले तरी पैसे परत मिळतील, असा समज होतो. तसे नसते. पॉलिसीत कारणांची यादी असते. साधारणपणे प्रवाशाचा किंवा निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू अथवा गंभीर आजार त्यात येतो. 'निकटचे नातेवाईक' म्हणजे कोण, याचीही व्याख्या दिलेली असते. तिच्यात भाऊ-बहीण किंवा सासू-सासरे आहेत का, हे पाहावे. बेत बदलला, सुटी मिळाली नाही, व्हिसा नाकारला, ही कारणे बहुतेक मूळ पॉलिसींत बसत नाहीत.

भरपाईही फक्त परत न मिळणाऱ्या पैशांची होते. तिकीट 1 लाख 10 हजारांचे, विमान कंपनीने 30 हजार परत केले, तर तोटा 80 हजारांचा. पॉलिसीतली मर्यादा 500 डॉलर असेल तर मिळणार साधारण 42 हजार. शिवाय वैद्यकीय संरक्षण प्रवासापासून सुरू होत असले, तरी रद्द होण्याचे संरक्षण निघण्याआधीच कामाला येते. त्यामुळे हे कलम हवे असेल तर पॉलिसी तिकिटाबरोबरच घ्यावी. निघण्याच्या आदल्या रात्री घेतलेल्या पॉलिसीत त्या कलमाचा उपयोग जवळपास उरत नाही.

मोबाइलवर कसे तपासाल?

पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उतरवून घ्या आणि शोधपट्टीत एकेक शब्द टाका: sub-limit, pre-existing, deductible, cancellation, exclusion. पाच शब्द, फार तर अर्धा तास. शेवटच्या शब्दाखाली अपवादांची यादी मिळेल. मद्यपानानंतरचा अपघात, साहसी खेळ, नियमित तपासण्या, उपचारासाठीच केलेला प्रवास हे त्यात सहसा असते. संपूर्ण यादी पाठ करायची गरज नाही. आपला प्रवासी तिथे जाऊन यापैकी काय करणार आहे, एवढेच पाहावे.

कलम सापडले नाही तर विक्रेत्याला फोन करण्याऐवजी ई-मेल करावा. 'सगळे कव्हर आहे' हे तोंडी उत्तर दाव्याच्या वेळी सिद्ध करता येत नाही.

मग स्वस्त पॉलिसी वाईटच का?

तसेही नाही. सहा दिवसांसाठी थायलंडला जाणाऱ्या, कुठलाही आजार नसलेल्या 28 वर्षांच्या तरुणाला वयाची सब-लिमिट सहसा लागत नाही. त्याच्यासमोरच्या दोन पॉलिसींच्या अटी सारख्याच असतील, तर त्याने स्वस्त जरूर घ्यावी. मात्र व्हिसासाठीची किमान रक्कम म्हणजे पुरेशी रक्कम, असे समजू नये. शेंगेन व्हिसाला किमान 30 हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते. ती व्हिसाची अट आहे, रुग्णालयाच्या बिलाचा अंदाज नव्हे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तर विम्याची सक्तीच नाही. तिथे किती रकमेचा विमा घ्यायचा, हे कुटुंबानेच ठरवायचे असते.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी या वयाला, या आजाराला खरोखर किती डॉलर मिळतील ते काढावे. मग रद्द होण्याची कारणे, मग अपवाद. या तिन्ही चाळण्यांतून ज्या पॉलिसी उरतील, त्यांचाच प्रीमियम शेजारी शेजारी मांडावा. नाशिकच्या त्या आई-बाबांसाठी पहिले कोटेशन पहिल्याच चाळणीत गळून पडते. त्याचा प्रीमियम पाहण्याची वेळच येत नाही.