करार तिच्या नावावर?

‘नवरा गेला, करार माझ्या नावावर करा,’ असं घरमालकाला लिहिण्याआधी कागद बघा. समजा, डोंबिवलीतला फ्लॅट ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर आहे आणि ४ महिने झालेत. हा परवाना नवऱ्यापुरताच असतो, तो बायकोकडे जात नाही. म्हणून ‘ट्रान्सफर’ नको, तिच्या नावाने नवा रजिस्टर्ड करार मागा. पत्राला मृत्यूचा दाखला जोडा आणि जुनं डिपॉझिट नव्या करारात धरा, हेही लिहा. नाहीतर नंतर ‘ते पैसे त्याचे होते’ ऐकावं लागतं!

ठाण्यातल्या जुन्या चाळीत भाडेपावती असेल, तर मामला वेगळा. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे भाडेहक्क येतो. तिथे घरातल्यांची लेखी संमती जोडून पावतीवर नाव बदलून मागा. पत्राची पोच मात्र घ्याच.