बिल कोण भरणार?

बायांनो, मुलगा श्रीमंत निघाला की आपण मुलीला सांगतो, ‘नशीब काढलंस, गप्प राहा.’ का गप्प? माझ्या भाचीचा पगार 18 हजार. बेळगावात जुळू पाहतंय तो प्रत्येक भेटीत दोन हजारांचं बिल भरतो आणि ही ‘भूक नाही’ म्हणत नुसता चहा घेते. याला आपण संस्कार म्हणतो! मी म्हटलं, “सांग त्याला, मला तीनशे परवडतात, तिथं जाऊ.” गेले. त्यानं सवयीनं पाकीट काढलं. ती म्हणाली, “आज मी.” त्यानं न हसता पाकीट खिशात ठेवलं. परीक्षा तीच. तो हसला असता, तर पैसा पुढंही बोलला असता. आणि आपण सधन असू, तर गुपचूप बिल भरू नका. ठिकाण त्याला निवडू द्या.