आकडे ठरवा ऐकणाऱ्यांकडे पाहून



द्राक्ष बागायतदारांच्या चर्चासत्रांत पडद्यावरचे सगळे आकडे देवनागरीच हवेत, असे मत या सदरात वाचले. मराठीवरचे प्रेम समजते, पण निष्कर्ष पटत नाही.

निफाड-दिंडोरीतला शेतकरी स्लाइड पाहून घरी जातो आणि खताची गोणी हातात घेतो. गोणीवर 19:19:19 किंवा 0:52:34 छापलेले असते. वजनकाट्यावर आणि मोबाइलवरही बहुधा इंग्रजी अंकच दिसतात. त्यामुळे अशा स्लाइडवर इंग्रजी अंकच ठेवावेत.

खरा धोका सरमिसळीचा आहे. मजकूर देवनागरीत टंकला जातो, आलेख मात्र एक्सेलमधून 10, 20, 30 घेऊन येतो. मग शेजारच्या इंग्रजी अंकांमुळे मागच्या रांगेतल्या माणसाला ‘१ ग्रॅम’मधला १ हा 9 वाटू शकतो आणि ४ हा 8 वाटू शकतो. प्रमाण सांगणाऱ्या स्लाइडवर ही चूक महागात पडते.

ग्रामसभेत किंवा मराठी शाळेत देवनागरी अंक जरूर वापरा, पण आलेखासकट. अक्षाच्या नंबर फॉरमॅटमध्ये `[$-4000439]0` लिहिले की अंक देवनागरीत दिसतात आणि मूळ संख्या तशीच राहते. फोटोतले किंवा स्क्रीनशॉटमधले अंक मात्र असे बदलत नाहीत. ते पुन्हा टंकावे लागतात. तेवढा वेळ नसेल तर संपूर्ण सादरीकरण इंग्रजी अंकांत करावे.

चर्चासत्रांच्या आयोजकांनी वक्त्यांना हे आधीच कळवावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक