गळ्यावरचा वळ काय सांगतो?

झाडाला लटकलेले प्रेत दिसले की पंचनाम्याआधीच गावात 'आत्महत्या' असा निकाल लागतो. खरी साक्ष मात्र गळ्यावरच्या वळाची असते.

समजा, लिंबाच्या फांदीला एक तरुण लटकलेला सापडला. गळफासात शरीराच्या भाराने दोर वर ओढला जातो. म्हणून वळ हनुवटीखाली, स्वरयंत्राच्या वर, तिरका चढत जातो आणि बहुधा गाठीजवळ तुटतो. दुसऱ्याने गळा आवळला असेल तर वळ सहसा आडवा, खालच्या बाजूला, गळ्याभोवती पूर्ण फिरलेला असतो आणि आतले स्नायू रक्ताळलेले असतात. या तरुणाच्या गळ्यावर दोन वळ निघाले: आडव्याखाली रक्तस्राव, तिरका मात्र कोरडा. आधी गळा आवळून मग प्रेत टांगले, हा संशय येथे बळावतो.

ओठाच्या कोपऱ्यातून छातीवर ओघळलेली लाळ ही जिवंतपणी फास लागल्याची मोठी खूण. पण लाळ नाही, एवढ्यावर खून सिद्ध होत नाही. पाय जमिनीला टेकले होते, यावरूनही नाही. अर्धवट लटकूनही माणूस मरतो.

म्हणून प्रेत उतरवताना गाठ सोडू नये. दोर गाठीपासून दूर कापून फास जपावा. शवविच्छेदनात गळ्याचे थर एकेक करून उघडले का, हे नातेवाइकांनी विचारावे. अहवालात नुसते 'श्वास कोंडून मृत्यू' लिहिले असेल, तर 'कोणी कोंडला?' हा प्रश्न उरतोच.