किनारा वाढला नाही, नकाशा जवळ आला

"महाराष्ट्राचा समुद्रकिनारा सव्वादोनशे किलोमीटरने वाढला!" या मथळ्याची बातमी अजूनही व्हॉट्सॲपवर फिरते आहे. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्यात, एकाने "मोदी है तो मुमकिन है" लिहिलंय, दुसऱ्याने "मग आमच्या गावचा किनारा समुद्राने खाल्ला तो काय?" असं विचारलंय. पहिल्याला उत्तर द्यायची गरज नाही. दुसऱ्याचा प्रश्न मात्र खरा आहे, म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

आकडे आधी. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलं की भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर. हा आकडा १९७०च्या दशकापासूनचा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात तो झाला ११,०९८.८१. गुजरात १,२१४.७ वरून २,३४०.६२. आपला महाराष्ट्र ६५२.६ वरून ८७७.९७. (आपल्याकडे सरकारी कागदांत ७२० असाही एक आकडा चालतो, म्हणजे राज्याला आता तीन किनारे झाले.) वाळूचा एक कण इकडचा तिकडे न होता देशाचा किनारा जवळपास दीडपट झाला.

का? जुनी मोजणी १ : ४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरची होती. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर साडेचार किलोमीटर. नवी मोजणी १ : अडीच लाख प्रमाणाच्या इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशांवरची, तिथे एक मिलिमीटर म्हणजे २५० मीटर. आता कोकणची एखादी खाडी डोळ्यांसमोर आणा. तोंडाशी समजा एक किलोमीटर रुंद. जुन्या नकाशावर ती पाव मिलिमीटरही भरत नाही, पेन्सिलीच्या रेघेत गडप! मोजणारा माणूस तिच्यावरून सरळ पुढे गेला, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. नव्या नकाशावर तीच खाडी चार मिलिमीटर रुंद दिसते. मग तिच्या आत शिरावं लागतं.

आणि आत शिरलं की हिशेब कसा बदलतो पाहा. खाडी दहा किलोमीटर आत गेलीय असं धरू. तोंडावरून सरळ ओलांडली तर लांबी १ किलोमीटर. एका काठाने आत जाऊन दुसऱ्या काठाने बाहेर आलात तर २०. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत. तांडेलाला विचाराल तर तो एक म्हणेल, त्याला होडी पलीकडे न्यायचीय. काठाकाठाने शिंपल्या गोळा करणारी बाई वीस म्हणेल.

पण मग आत जायचं कुठपर्यंत? दाभोळच्या खाडीत भरतीचं पाणी पार गोवळकोटपर्यंत, चिपळूणच्या उंबऱ्यापर्यंत जातं. तिथे समुद्रकिनारा आहे असं चिपळूणकरही म्हणणार नाहीत (पुराच्या दिवशी सोडून). म्हणून कुठेतरी रेघ ओढून खाडी बंद करावी लागते. नव्या मोजणीत भरतीची रेषा धरलीय आणि नद्या-खाड्या आत एका ठरावीक मर्यादेवर बंद केल्यात, असं सरकारने सांगितलंय. म्हणजे आकडा दोन गोष्टींवर ठरला: नकाशा किती बारीक, आणि खाडीचं दार कुठे लावलं. दोन्ही माणसाने ठरवायच्या गोष्टी. समुद्राला त्यातलं काही विचारलेलं नाही.

ही गंमत पहिल्यांदा नीट पकडली ती लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज हवामानतज्ज्ञाने. गडी युद्धविरोधी. दोन देशांच्या सामाईक सीमेची लांबी आणि त्यांच्यातली युद्धं यांचा काही संबंध लागतो का, ते तपासत होता. सीमांचे आकडे गोळा करायला बसला तर स्पेन म्हणतो पोर्तुगालशी आमची सीमा ९८७ किलोमीटर, आणि पोर्तुगाल म्हणतो स्पेनशी आमची १,२१४. सीमा तीच! मग त्याने डिव्हायडर घेतला, तोच आपल्या कंपासपेटीतला दोन टोकांचा, आणि नकाशावर पावलं टाकत मोजायला लागला. टोकं लांब ठेवली की लांबी कमी, जवळ आणली की जास्त. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्यासारख्या फाटक्या-तुटक्या किनाऱ्यावर पाऊल निम्मं केलं की लांबी दर वेळी साधारण १९ टक्के वाढते. दक्षिण आफ्रिकेच्या गुळगुळीत किनाऱ्यावर जेमतेम एखादा टक्का. त्याचं हे काम छापून आलं १९६१ला, तो वारल्यावर आठ वर्षांनी. पुढे १९६७ला मँडेलब्रॉटने त्यावर लेख लिहिला आणि ते जगाला कळलं.

हाच हिशेब मी आपल्या आकड्यांना लावून पाहिला. जुना आणि नवा नकाशा यांच्यात १८ पट फरक. म्हणजे 'दुप्पट बारीक' हे सुमारे सव्वाचार वेळा झालं. त्यावरून दर दुपटीला केरळ वाढतो सव्वा टक्का, महाराष्ट्र सात-साडेसात टक्के आणि पश्चिम बंगाल तब्बल ४४ टक्के. केरळचा किनारा लांबच लांब सरळ पुळणीचा, तिथे जवळ जाऊन नवीन काही दिसत नाही (५६९.७चे ६००.१५, बस्स). आपल्याकडे कडा, पुळण, खाडी, पुन्हा कडा. आणि बंगालमध्ये सुंदरबन, म्हणजे पाण्याचं जाळंच, १५७.५चे ७२१.०२ झाले. हे टक्के रिचर्डसनच्या तोडीचे नव्हेत, कारण हातात दोनच मोजण्या आहेत आणि खाड्या बंद करायचा नियमही दोन्हीत तोच असेल असं नाही. पण कुठला किनारा किती दंतुर, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

आता एक आकडा असा, जो मला सगळ्यात जास्त बोलका वाटतो. पुद्दुचेरीचा किनारा ४७.६ वरून ४२.६५ झाला. कमी झाला! तीच रेघ, तीच हद्द, तोच नियम ठेवून नुसता नकाशा बारीक केला तर लांबी वाढते किंवा फार तर तेवढीच राहते. कमी झाली याचा अर्थ नकाशाच्या बारीकपणाखेरीज दुसरंही काहीतरी बदललंय: हद्द वेगळी धरली असेल, खाडीचं दार वेगळीकडे लागलं असेल, किंवा किनाराच बदलला असेल. कुठल्याही नव्या आकड्यात नुसता नकाशा बोलतोय की अजून कोणी, हे ओळखायची ही एक सोपी खूण आहे. दुसरी खूण क्रमवारीची. जुन्या यादीत आंध्र (९७३.७) तमिळनाडूच्या (९०६.९) पुढे होता. नव्या यादीत तमिळनाडू १,०६८.६९ आणि आंध्र १,०५३.०७. दोघांपैकी कोणी जागचं हललेलं नाही.

मग याला अंत आहे का? गणितात नाही, जमिनीवर आहे. कोकणात भरती-ओहोटीत पाणी उभं दोन-तीन मीटर वरखाली होतं. सपाट पुळणीवर तेच पाणी आडवं शंभर मीटरही मागे जाऊ शकतं. जी रेघ दिवसातून दोनदा एवढी हलते ती सेंटिमीटरमध्ये मोजून काय करणार? म्हणून 'खरी लांबी किती' याचं उत्तर द्यायच्या आधी 'कुठल्या कामासाठी' हे विचारावं लागतं. सीआरझेडसाठी १ : ४,००० चा नकाशा लागतो, कारण तिथे कोणाचं घर आत आणि कोणाचं बाहेर ते ठरतं. देशाच्या वार्षिक अहवालाला अडीच लाखाचा पुरतो.

घोळ कुठे होतो, तर एका कामाचा आकडा दुसऱ्या कामाला जोडला की. केंद्राच्या किनारा संशोधन संस्थेने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास करून सांगितलं की मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भाग धूप होत असलेला आहे. त्या अभ्यासातला किनारा होता ६,९०७.१८ किलोमीटर. गृह मंत्रालयाच्या नव्या मोजणीत मुख्य भूमीचाच किनारा ७,८७०.५१ आहे, आणि बेटं धरून ११,०९८. उद्या कोणीतरी ३३.६ टक्के घेऊन ११,०९८ला गुणणार आणि "३,७०० किलोमीटर किनारा समुद्रात" अशी बातमी लावणार. मूळ अभ्यासाप्रमाणे ते २,३२० किलोमीटर आहेत. उलटीकडूनही होईल. तेच २,३२० घेऊन ११,०९८ने भागलं की धूप थेट २१ टक्क्यांवर येते. एकही दगड न टाकता धूप कमी!

बंधाऱ्यांचंही तेच. धूपप्रतिबंधक बंधारा ठेकेदार टेप धरून रनिंग मीटरमध्ये मोजतो, बिल त्यावरच निघतं. राज्यात समजा असे १०० किलोमीटर बंधारे झाले. जुन्या किनाऱ्याच्या ते १५ टक्के, नव्याच्या ११. आणि मुळात वरचा आकडा टेपचा, खालचा अडीच लाखाच्या नकाशाचा. अशा भागाकाराला टक्केवारी म्हणून विधानसभेत उत्तर दिलं जाऊ नये, एवढं तरी आमदारांनी बघावं.

माझ्या पेशातल्या मित्रांना सांगणं हे, की आकड्याशेजारी नकाशाचं प्रमाण छापा. "१ : अडीच लाख" एवढंच लिहायला अर्धी ओळ लागते. दर दहा वर्षांनी आता ही मोजणी होणार आहे, तेव्हा दोन आकड्यांची वजाबाकी करण्याआधी दोन्हींचं प्रमाण तेच आहे का ते बघा. आणि स्पर्धा परीक्षेच्या ज्या पोरांनी मला "दादा, ७२० लिहू की ८७८?" असं विचारलं, त्यांनी प्रश्नात कुठल्या अहवालाचं नाव आहे ते बघून लिहावं. नाव नसेल तर प्रश्न काढणाऱ्याचं चुकलंय, पण मार्क तुमचे जातील, तेव्हा नवा आकडा लिहा.

आता त्या कमेंटवाल्या भाऊंना, ज्यांच्या गावचा किनारा जातोय. तुमचं नुकसान किलोमीटरमध्ये मांडूच नका. किनारा आत सरकला तरी त्याची लांबी तेवढीच राहू शकते, खाच पडली तर वाढूही शकते! क्षेत्रफळाचं तसं नसतं. नकाशा बारीक केला तर क्षेत्र थोडं इकडेतिकडे होतं, पण दीडपट होत नाही, एका आकड्याशी येऊन थांबतं. आपल्या सातबाऱ्यावरही क्षेत्रच असतं. तेव्हा जुना सातबारा आणि गटाचा नकाशा काढा, भूमिअभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका, माड कुठवर होते ते दाखवा, आणि किती गुंठे गेले ते लिहून घ्या.