विश्लेषण : नाल शाबूत, तरी घोडा का लंगडतो?

माथेरानमध्ये रस्ता कसा असावा यावर बरीच चर्चा झाली. त्या रस्त्यावर टेकणाऱ्या खुराची मात्र कुणी फारशी दखल घेतली नाही. नाल झिजली की बदलायची, हा सर्वमान्य नियम घोड्याच्या पायाला महागात कसा पडतो?

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तिथून पुढे पायी, मिनी ट्रेनने, ई-रिक्षाने किंवा घोड्यावर बसून जावे लागते. लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवल्यानंतर घोडे घसरू लागले, अशी तक्रार तिथल्या अश्वपालांनी वारंवार केली आणि हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तक्रारीत तथ्य आहे. गुळगुळीत, ओल्या आणि उताराच्या रस्त्यावर लोखंडी नालेला पकड मिळत नाही. मातीत खूर थोडा रुततो, तसा तो ब्लॉकवर रुतत नाही.

पण घोडा घसरण्यापुरताच हा प्रश्न नाही. सपाट रस्त्यावर ठेचकाळणारा, पाऊल आखडते टाकणारा, वळताना डोके खाली-वर करणारा घोडा अनेक थंड हवेच्या ठिकाणी दिसतो. त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा एखादे लहान मूल असते. अशा घोड्याची नाल पाहिली तर ती बऱ्याचदा शाबूत असते. मालक म्हणतो, ‘नालेला अजून महिना जाईल.’ नालेबाबत त्याचे म्हणणे बरोबर असते, पण खुराबाबत नाही.

खुराच्या आत काय असते?

बाहेरून दिसणारे खूर म्हणजे आपल्या नखासारखे, पण बरेच जाड कवच. त्याच्या आत पायाचे शेवटचे हाड असते. त्याला कॉफिन बोन म्हणतात. हे हाड तळव्यावर टेकलेले नसून कवचाच्या आतल्या बाजूला लटकलेले असते. कवच आणि हाड यांच्यामध्ये सुमारे साडेपाचशे ते सहाशे बारीक उभे पापुद्रे असतात. दोन वह्यांची पाने एकमेकांत अडकवावीत तसे हाडाचे पापुद्रे कवचाच्या पापुद्र्यांत गुंतलेले असतात. घोड्याचे सगळे वजन या गुंतवणीवर पेललेले असते. त्यातही सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर येतो.

याच हाडाच्या मागे होडीच्या आकाराचे एक छोटे हाड असते, नॅव्हिक्युलर. पायाच्या मागच्या बाजूने खाली येणारी जाड कंडरा या छोट्या हाडाखालून वळते आणि कॉफिन बोनच्या तळाला चिकटते. विहिरीच्या रहाटावरून दोर जावा तशी ही रचना आहे. दोर जितका ताणला जाईल, तितका रहाटावरचा दाब वाढतो.

तळव्याच्या मधोमध रबरासारखा मऊ त्रिकोणी भाग असतो. इंग्रजीत त्याला फ्रॉग म्हणतात. पाऊल टेकले की टाच किंचित फाकते, हा भाग दबतो आणि हादरा शोषला जातो. टाचेची ही हालचाल लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच होतो.

नाल लावल्यावर नेमके काय बदलते?

खुराचे कवच महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. मोकळ्या माळावर दिवसभर चालणाऱ्या जनावराचे खूर तेवढेच झिजते आणि हिशेब बरोबर राहतो. दगडी रस्त्यावर ओझे वाहणाऱ्या घोड्याचे खूर वाढीपेक्षा जास्त झिजते, म्हणून नाल लावावी लागते. पण एकदा नाल बसली की झिजते ती नाल, खूर नाही. वाढ मात्र सुरूच राहते.

ही वाढ सगळीकडे सारखी राहिली असती तरी एकवेळ चालले असते. पण नालेचे खिळे फक्त पुढच्या अर्ध्या भागात, खूर सर्वात रुंद असते तिथपर्यंतच मारतात. टाच फाकायला मोकळी राहावी म्हणून ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे प्रत्येक पावलाला टाच नालेच्या लोखंडावर घासते आणि हळूहळू झिजते. पुढची बाजू खिळ्यांनी जखडलेली असल्याने तिथे झीज जवळजवळ होत नाही. उतरवलेली जुनी नाल उलटसुलट करून पाहिली, तर टाचेच्या जागी घासून चकाकणाऱ्या दोन खाचा दिसतात. नाल शाबूत असताना खूर बिघडत होते, याचा पुरावा त्या खाचांमध्येच असतो.

आठ आठवड्यांत किती फरक पडतो?

एक उदाहरण घेऊ. नुकतीच नालबंदी झालेल्या घोड्याच्या खुराची पुढची भिंत जमिनीशी ५० अंशांचा कोन करते आणि खुराचा तळ पुढून मागे साडेअकरा सेंटीमीटर लांब आहे. आठ आठवड्यांत पुढची भिंत १५ मिलिमीटर वाढली. भिंत तिरकी असल्याने ही वाढ सरळ खाली जात नाही. ती सुमारे १ सेंटीमीटर पुढे आणि साडेअकरा मिलिमीटर खाली जाते. टाचही तेवढीच वाढली, पण घासून जवळजवळ निम्मी गेली. तिची उरलेली वाढ ८ मिलिमीटर धरली, तर उंचीत भर पडली ती जेमतेम ६ मिलिमीटरची.

म्हणजे खुराचा पुढचा भाग टाचेपेक्षा साडेपाच मिलिमीटरने उंच झाला. साडेअकरा सेंटीमीटर लांबीवर हा फरक पावणेतीन अंशांचा होतो. ५० अंशांचा कोन ४७ वर आला. डोळ्याला हा बदल सहसा जाणवत नाही. पण आतले हाडही तेवढेच मागे कलते आणि कंडरा ताणली जाते. घोड्यांच्या चालीच्या मोजमापांतून दिसते की हाडाच्या कोनातल्या एका अंशामागे नॅव्हिक्युलरवरचा दाब साधारण ४ टक्क्यांनी बदलतो. या हिशेबाने तो दहा-अकरा टक्क्यांनी वाढला आणि तो प्रत्येक पावलाला वाढला.

दुसरे नुकसान पुढे सरकलेल्या त्या एका सेंटीमीटरने होते. पाऊल उचलताना खूर पुढच्या कडेवरून कलंडते. ती कड लांब गेली की पाऊल उशिरा सुटते आणि घोडा ठेचकाळतो. शिवाय लांबलेली भिंत पहारीसारखी काम करते आणि पापुद्र्यांची गुंतवण पुढच्या बाजूने उचकटू लागते. तळव्याच्या कडेला दिसणारी पांढरी रेषा तिथे रुंदावते. तिच्यात खडे आणि चिखल शिरतात आणि पावसाळ्यात तिथेच सड धरते.

मग नाल कधी काढायची?

चार ते सहा आठवड्यांनी, नालेत लोखंड शिल्लक असो वा नसो. अनवाणी घोड्यालाही साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कानस लागते.

इथे खर्चाचा मुद्दा येतो आणि तो खोटा नाही. रोजच्या फेऱ्यांवर घर चालवणाऱ्याला चार नाला आणि बुडालेला अर्धा दिवस परवडत नाही. पण दर वेळी नवी नाल लागतेच असे नाही. जुनी नाल पुरेशी जाड असेल तर ती काढायची, खूर कापून समपातळीत आणायचे आणि तीच नाल नव्या खिळ्यांनी परत ठोकायची. महत्त्व कापणीला आहे, लोखंडाला नाही. दगडी रस्त्यावर नाल लवकर झिजते, तिथे उलटी चूक होते. नवी नाल वेळेवर येते, पण घाईत खूर न कापताच ठोकली जाते. पर्यटक कमी असतात त्या दिवसांत घोडा उभाच असतो, नाल झिजत नाही आणि नालबंदाची आठवणही होत नाही. हंगाम सुरू होताच तोच लांबलेला खूर घेऊन घोडा चढावर जातो.

चांगला नालबंद आधी घोड्याला सपाट जागेवर उभा करून बाजूने पाहतो. खुराची पुढची भिंत आणि त्यावरचा पायाचा तिरका भाग एका सरळ रेषेत हवेत. रेषा मागे मोडलेली दिसली तर पुढची भिंत लांबली आहे. मग तो खिळ्यांची वाकवलेली टोके उघडून पकडीने नाल काढतो, मृत तळवा खरवडतो, भिंत कापतो आणि कानशीने सपाट करतो. नाल खुराच्या मापाची घडवायची असते आणि ती टाचेला शेवटपर्यंत आधार देणारी हवी. आखूड नाल ठोकून बाहेर आलेले खूर पुढून कानसले, की काम सुबक दिसते आणि टाच उघड्यावर पडते. खिळा पांढऱ्या रेषेच्या बाहेरून, फक्त भिंतीतूनच जायला हवा. तो आत झुकला तर घोडा कधी लगेच, कधी एक-दोन दिवसांनी लंगडू लागतो.

अर्थात, एका कापणीत सगळे सुधारत नाही. लांबलेली भिंत लगेच आखूड करता येते, पण खचलेली टाच वाढवता येत नाही, ती वाढायची वाट पाहावी लागते. कवचाच्या वरच्या कडेला आज तयार झालेला थर पुढच्या बाजूने जमिनीपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागते. नॅव्हिक्युलरची झीज झालेली असेल तर ती भरून येत नाही. तिथे एक्स-रे आणि पशुवैद्यच हवा. आणि खूर कितीही नीट राखले तरी ओला ब्लॉक ओलाच राहतो. रस्त्याचा प्रश्न खुराने सुटणार नाही.

घोड्यावर बसण्याआधी काय पाहावे?

आधी बाजूने ती सरळ रेषा पाहावी. मग भिंतीवर वाकवलेली खिळ्यांची टोके वर आली आहेत का, खूर नालेच्या कडेबाहेर ओघळले आहे का, टाच नालेच्या मागे लोंबते का, हे पाहावे. उभा असताना घोडा एक पुढचा पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल, किंवा चालताना टाचेऐवजी पुढची कड आधी टेकवत असेल, तर टाचेकडच्या भागात दुखत असण्याची शक्यता मोठी आहे. असा घोडा नाकारावा आणि मालकाला कारणही सांगावे.

परवानाधारक घोड्यांच्या बाबतीत प्रशासनालाही एक सोपी गोष्ट करता येईल. घोड्याच्या कार्डावर शेवटच्या नालबंदीची तारीख आणि पुढच्या भिंतीची लांबी लिहायची. ती मोजायला एक टेप पुरते. सहा आठवडे उलटले असतील तर खूर कापून येईपर्यंत घोडा थांब्यावर उभा करू द्यायचा नाही. एवढे करायचे तर तिथे पुरेसे नालबंद मात्र हवेत, आणि त्यांच्या मजुरीचा काही भाग पर्यटकांकडून घेतल्या जाणाऱ्या प्रवेश शुल्कातून द्यायला हरकत नसावी.